बसून बघायची साडी

माझ्या धाकट्या जावेला, कुंदनला, साडी नेसायला चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. बाथरूममधून ओल्या केसांनी येते, खोलीचं दार लोटते, आणि मी माझ्या लेकीच्या, सृष्टीच्या, दुधाची बाटली उकळून बाजूला ठेवेपर्यंत बाहेर येते. तेवढ्यात तिच्या निऱ्या पट्टी लावून आखल्यासारख्या पडलेल्या असतात. आरसाही लागत नाही तिला. निफाडला तिच्या माहेरी द्राक्षाच्या बागा आहेत. बागेत जाताना पण आम्ही साडीच नेसायचो, असं ती सांगते. आमच्या सासूबाई ते ऐकतात आणि माझ्याकडे बघतात.

मी बी. एस्सी. झाले ते पंजाबी ड्रेसवर. कॉलेजच्या साडी डेला मैत्रिणीच्या आईने नेसवून दिली होती, लग्नात पार्लरवालीने. त्या दोन्ही दिवशी मी सोळा-सतरा पिना लावून घेतल्या होत्या आणि दिवसभर पाणी प्यायले नव्हते, कारण बाथरूमला गेले तर पुन्हा नेसवणार कोण.

खरी भीती बसली ती सृष्टीच्या बारशाला. ऑक्टोबरात माहेरी बाळंत झाले. दोन महिन्यांनी मखमलाबादला घरी परत आले आणि मग सासूबाईंनी बारसं घातलं. अख्खी आळी गोळा झाली होती. पाळण्यात वाकले, सृष्टीला ठेवलं, आणि सरळ होताना पोटाजवळून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर सगळ्या निऱ्या पायांवर. परकर दिसत होता. कुंदन कुठून आली कळलं नाही. खाली बसली, निऱ्या गोळा केल्या, दोन झटक्यांत घडी घालून माझ्या कमरेला खोचून मोकळी झाली. शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, "धाकलीचा हात बघा. थोरलीला आता हिनंच नेसवायची." बायका हसल्या. सासूबाईही हसल्या.

कुंदनची बोटं माझ्या पोटाला लागली होती. बाळंतपणानंतरचं ते सैल पोट मी माझ्या नवऱ्याला, ज्ञानेशलाही दाखवत नव्हते. ते तिने पाहिलं. त्या दिवसापासून मी तिच्या कमरेकडे बघत आले. तिची कंबर अठ्ठावीस. माझी पण होती.

मे महिन्यात नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा पिंपळगावचा. सीमांतपूजनाला मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे असतात. पण सासूबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून वाकत नाहीत, त्यांना जमिनीवर बसताच येत नाही. मग त्यांच्याऐवजी थोरल्या सुनेने बसायचं, असं आमच्याकडचं ठरलेलं. त्यांच्या सासूबाईंच्या वेळी त्या स्वतः बसल्या होत्या. तो मान माझा होता.

पण एका सकाळी आमच्या मळ्यातल्या फुलांच्या पाट्या बाजाराला रवाना झाल्यावर सासूबाई चहा पीत म्हणाल्या, "भाग्यश्री, तुला जमंल का गं? पोरीचं बारसं ध्यानात हाय माझ्या. विहीण पाटावर बसलेली, सगळा मांडव बघतोय, अन् तुझं तसं झालं तर?"

"जमेल, आई."

"नाय जमलं तर सांग आधी. कुंदन हाय. तिला बसाय-उठायला काय वाटत नाय."

कुंदन ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. नको म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त कोथिंबिरीची जुडी लांब सरकवली आणि पदर नाकाला लावला.

मी त्याच दिवशी ठरवलं, शिवलेली साडी घ्यायची.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत वत्सलाबाईंचं दुकान होतं. खाली पूजेच्या सामानाचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर त्यांची खोली. माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. तिथे साड्या हँगरला टांगलेल्या असतात, निऱ्या घालून शिवलेल्या. घागऱ्यासारखी घालायची, बाजूची चेन ओढायची, हूक लावायचा, पदर खांद्यावर टाकून एक पिन. झालं. आमच्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं. पूर्वी टीव्हीवर एकदा शिवलेल्या साडीची जाहिरात लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही काय साडी? लहान पोरींचं परकर-पोलकं ते."

मला एकटीला जायचं होतं. पण सात महिन्यांच्या पोरीला घेऊन माप कसं देणार. साडी घ्यायला जाते एवढंच मी घरी सांगितलं होतं, आणि सासूबाईंनीच कुंदनला बरोबर दिलं. "पोरगी धरंल, अन् रंग पण बघंल. हिला साडीतलं काय कळतं."

रिक्षात सृष्टी रडत होती. कुंदनने तिला घेतलं, आणि ती गप्प झाली. असं नेहमी होतं. मी रस्त्याकडे बघत बसले.

वत्सलाबाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, गळ्यात मापाची पट्टी. आधी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग विचारलं, "कशासाठी हवी?"

"लग्नात. नणंदेच्या."

"नुसतं उभं राहायचंय का काम आहे?"

मला प्रश्न आवडला नाही. कुंदनच बोलली, "विहिणीचं पाय धुवायचंत ताईंना."

"मग खाली बसणं आलं, पाणी आलं, मे महिन्याचा घाम आला." त्यांनी हाताने हँगर बाजूला सारत नेले. "लेकरू अंगावर पितं का?"

"हो."

"बरं. ते पण धरायचं हिशोबात."

मला एक वाइन रंगाची सॅटिनची साडी दिसली होती. दिव्याखाली नुसती वाहत होती. मी तिला हात लावला.

"ती नको," वत्सलाबाई म्हणाल्या. "सॅटिन अंगाला चिकटतं, पोट आहे तसं दाखवतं. आणि पाण्याचा एक थेंब पडला की डाग कुठून कुठे गेला ते सगळ्यांना दिसतं."

"मग ही नेटची?"

"लेकराची नखं, तुमची जोडवी, बांगड्या. दोन तासांत चार ठिकाणी ओढून बसेल."

"सिल्क नाही का? लग्न आहे."

"सिल्क आहे. पण जड काठाच्या सिल्कच्या निऱ्या शिवल्या की पुढे फुगवटा येतो, तुमच्यासारख्या नव्या बाळंतिणीला तो नको. त्यात पाणी उडालं की सिल्कवर वळ राहतात. सुतीला खळ असते, ओली झाली की ती चोथ्यासारखी बसते." त्यांनी एक साडी काढली. मोरपिशी, बारीक जरीचा काठ. "हे बघा, क्रेप जॉर्जेट. वजन आहे त्याला, म्हणून निऱ्या खाली सरळ पडतात, उडत नाहीत. पाणी पडलं तर झटकलं की वाळतं. उकडतं मात्र. म्हणून आत मी सुती अस्तर लावलंय, परकराची गरज नाही. पहिल्यांदा नेसणारीला मी हेच देते."

साडी चांगली होती. खरंच चांगली. पण मी मनात म्हणत होते, ही बाई कुंदनसमोर माझ्या पोटाबद्दल किती वेळा बोलणार आहे.

तेवढ्यात कुंदन म्हणाली, "मी बघू का घालून? कशी असतीय ते."

सृष्टीला माझ्याकडे देऊन ती पडद्यामागे गेली. अंगावरची साडी सोडून ती मोरपिशी घालून दोन मिनिटांत बाहेर आली. पदर नुसताच टाकला होता, पिनसुद्धा लावली नव्हती. मी आयुष्यात इतकी सुंदर बाई इतक्या जवळून पाहिली नव्हती. साडी तिच्या कमरेला बसली आणि तिथून खाली पाण्यासारखी गेली. जिन्यावर एक गिऱ्हाईक बाई चढत होती, ती थांबून बघत राहिली.

"एकतीस नंबरची आहे," वत्सलाबाई म्हणाल्या, "यांना जरा सैलच."

"ताई, तुम्हाला शोभंल बघा," कुंदन म्हणाली. तिला मनापासून म्हणायचं होतं की काय, मला माहीत नाही. मला त्या वेळी एवढंच दिसलं की तिला ती सैल होते.

मग माझी पाळी आली. वत्सलाबाईंनी पट्टी कमरेभोवती घातली. कुंदन समोर बाकावर बसली होती. माझ्या मांडीवरून तिच्या मांडीवर गेलेली माझी पोरगी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी पोट आत घेतलं.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"एकतीस," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "नीट सोडा हो. इथे एक इंच खोटा घेतला तर तिथे मांडवात नाव माझं खराब होतं."

"सोडलाय म्हटलं ना."

त्यांनी आकडा वहीत लिहिला. उंची घेताना विचारलं, "पाय धुताना अनवाणी असणार ना? मग चपला काढा. चपलांवर माप घेतलं तर अनवाणी उठताना काठावर पाय पडतो, तोंडावर आपटाल." मी चपला काढल्या. काठ जमिनीपासून अर्धा इंच वर राहिला. तेवढं बरोबर झालं, कारण उंचीत मला कुणाशी चढाओढ नव्हती.

साडी घातली. चेन वर गेली, हुकाजवळ थोडी अडली, मी श्वास धरून लावून घेतला. आरशात मी चांगली दिसत होते. उभी असताना.

"आता उकिडवं बसून दाखवा," वत्सलाबाई म्हणाल्या. "एक पाय दुमडून, पाटासमोर बसतात तसं. मग उठा. शिवलेली साडी उभ्याने बघायची नसते, बसून बघायची."

मी बसले असते तर सगळं तिथेच कळलं असतं. कुंदन बघत होती. हूक तुटला असता तर तो तिच्यासमोर तुटला असता.

"सृष्टीची दुधाची वेळ झाली," मी म्हणाले. "बरोबर आहे हो. द्या बांधून."

"बसून बघा, बाई."

"घरी बघते."

कुंदन म्हणाली, "बघा ना ताई, मी धरते हिला."

तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मी चेन उघडायला पडद्यामागे गेले.

घरी दोन दिवस साडी कपाटात तशीच होती. तिसऱ्या दिवशी सासूबाई नणंदेबरोबर बांगड्या भरायला गेल्या, मी दार लावलं, साडी घातली, स्वयंपाकघरातला पाट आणून समोर ठेवला आणि त्याच्यापुढे उकिडवी बसले. चेनचे दात एकामागून एक सुटल्याचा आवाज झाला. फार मोठा आवाज नव्हता. मी तशीच बसून राहिले. कमरेचा पट्टा डाव्या बाजूला उघडला होता आणि त्यातून सुती अस्तर बाहेर डोकावत होतं. मांडवात, पाटावर बसलेल्या विहिणीसमोर, तांब्या हातात असताना हाच आवाज झाला असता.

सीमांतपूजनाला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून अर्धी रजा टाकून परस्पर पंचवटीत गेले. वत्सलाबाईंनी पिशवी उघडून पाहिली.

"घरी बसून पाहिलंत वाटतं."

"हो."

"या इकडे." पट्टी कमरेभोवती आली. या वेळी बघायला कुणी नव्हतं. मी श्वास सोडला.

"साडेतेहतीस." त्यांनी वहीत खाडाखोड केली. टोमणा मारला असता तर मी रडले असते, पण त्यांनी फक्त कात्री उचलली. "एक निरी उसवते, तेवढा घेर सुटा होईल. पट्टा नवा, रुंद, आतून कॅनव्हास घातलेला, तो पोटावर वळत नाही. चेन काढून टाकू. हुकांच्या तीन ओळी लावते, अर्ध्या अर्ध्या इंचावर. सकाळी दुसऱ्या ओळीत लावा, जेवणानंतर सैल करा. पुढच्या वर्षी पोट उतरलं तर आतली ओळ आहेच. आणि पदराला खांद्यावर एकच पिन लावायची, छातीवर नाही. लेकरू पाजायचं असलं की पदर तसाच पुढे ओढून घेता येतो."

"हो."

"एक सांगू? पहिलटकरणी येतात त्या सगळ्या पोट आत घेतात. मी इंच सोडूनच शिवते. तुम्ही तयार साडी त्याच दिवशी नेलीत, सोडायला वेळच दिला नाहीत."

त्या शिवायला बसल्या. मी बाकावर थांबले. भिंतीच्या खिळ्याला शिवायला आलेले कपडे टांगलेले होते, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी टाचलेली. एक चिठ्ठी मी वाचली, आणि पुन्हा वाचली. कुंदन, मखमलाबाद. कंबर अठ्ठावीस. खाली टांगलेलं कापड मोरपिशीच होतं, काठही तोच बारीक जरीचा.

म्हणजे माझ्यामागे येऊन गेली ही. माझीच साडी, माझाच रंग, आणि मला शब्द नाही. मांडवात दोघी उभ्या राहिलो असतो एकाच साडीत, आणि आळीतल्या बायकांनी कुणाकडे पाहिलं असतं ते मला सांगायला नको. तिला साडी नेसता येते चार मिनिटांत. मग शिवलेली कशाला हवी होती, मला खाली दाखवायला नाही तर कशाला?

"ही माझ्या जावेची का?"

वत्सलाबाईंनी मशीन थांबवलं नाही. "गिऱ्हाईकाचं काम मी दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगत नाही."

"नाव लिहिलंय की."

"वाचलंत ना मग."

मी चिठ्ठी खालपर्यंत वाचली. कंबर अठ्ठावीसच्या खाली वत्सलाबाईंच्या तिरक्या अक्षरात होतं: पट्ट्यात रबर, सात इंच वाढीव, नाडी नको, पोटावर गाठ नको.

अठ्ठावीस कमरेला सात इंच वाढीव. मी ते मनात वाचलं आणि मला लगेच कळलं नाही. मग कोथिंबिरीची जुडी आठवली, लांब सरकवलेली. पदर नाकाला लावलेला. गेले पंधरा दिवस ती सकाळचा चहा तसाच मोरीत ओतत होती. मी पाहत होते, सगळं पाहत होते मी, आणि मला वाटत होतं ती नखरे करतेय.

आणि मग अजून एक. मी माहेरी बाळंत झाले त्या दिवाळीत कुंदन तीन आठवडे निफाडला होती. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, रक्त कमी झालंय पोरीचं, अशक्तपणा आलाय. मी बाळंतिणीच्या खाटेवर पडून ज्ञानेशला म्हणाले होते, बघ, तिला माहेरी आराम, अन् टाके माझे दुखतात. तिचा गर्भ पडला होता, हे मला आत्ता कळत होतं. तिकडून परतल्यावर महिन्याभराने तिने माझ्या लेकीच्या पाळण्याजवळ बसून माझ्या निऱ्या खोचल्या होत्या.

या वेळी तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, रवीभाऊजींना, तरी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

"झालं," वत्सलाबाई म्हणाल्या. "घाला. आणि बसा."

मी बसले. उठले. पुन्हा बसले, डावा पाय दुमडून. कमरेला काही टोचलं नाही. गुडघ्यांना घेर पुरला. त्यांनी पाण्याचा तांब्या हातात दिला, मी वाकून समोर घंगाळ आहे असं धरून ओतल्यासारखं केलं. पदर घसरला नाही.

"आता झाली ही तुमची," त्या म्हणाल्या.

रिक्षात बसून मी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मला कुंदनची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता तिला पायाशी बसता येणार नाही. नंतर मनात आलं की हिचं कळलं की सगळं घर हिच्याभोवती फिरणार, आणि सृष्टी जुनी होणार. कीव त्याच्याही नंतर आली, मखमलाबादचा फाटा वळल्यावर. तीही पूर्ण नव्हती.

सीमांतपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. बयाबाई होत्या, हरसूलहून आलेली सासूबाईंची चुलत बहीण भागीबाई होती. मधोमध तांब्याचं मोठं घंगाळ घासून ठेवलं होतं, दोन जणींनी उचलावं लागेल असं. सासूबाई म्हणाल्या, "ठरलं बरं का. उद्या कुंदन बसंल पायाशी. घंगाळ पण तीच आणंल आतून, भरून. भाग्यश्री पोरगी सांभाळंल."

कुंदन फुलं निवडत होती. तिचा हात थांबला. भरलेलं घंगाळ उचलणं, उकिडवं बसणं, वाकून वाकून पाणी घालणं, कमरेला कचकून नाडी बांधून. तिने सासूबाईंकडे पाहिलं. नाही म्हणायला तिला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं नव्हतं.

"बरं, आई," ती म्हणाली.

माझ्या तोंडात तेव्हा काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. तिचं सांगून टाकावं, असं पण होतं. एक वाक्य पुरलं असतं. सगळ्यांनी तिला हाताला धरून आत नेलं असतं आणि घंगाळ माझ्याकडे आलं असतं.

"मी बसणार," मी म्हणाले. "थोरली मी आहे."

भागीबाई म्हणाली, "आगं बया. थोरली बोलली."

"अन् साडी सुटली म्हंजे?" सासूबाई.

"सुटणार नाही. शिवलेली आहे."

कुणीतरी हसलं. सासूबाईंचा चेहरा मी सासरी आल्यापासून ओळखते, तो आता कसा होणार ते मला माहीत होतं. "शिवलेली? परकरासारखी?"

"हो."

"आणि हे तू उद्या मांडवात घालणार, माझ्या विहिणीपुढं?"

"आत्ता घालून दाखवते. पाट मांडा."

मी आत गेले. मोरपिशी साडी घातली, हूक दुसऱ्या ओळीत लावला, खांद्याला एक पिन. दोन मिनिटं लागली असतील. बाहेर आले तेव्हा बयाबाई भागीबाईच्या कानाशी काही बोलत होत्या. खरंच पाट मांडलेला होता, आणि सासूबाई स्वतःच खांबाला धरून त्याच्यामागच्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय पुढे करून.

"धू," त्या म्हणाल्या.

मी बसले. एक पाय दुमडला. त्यांच्या सुजलेल्या पायांवर तांब्याने पाणी घातलं, घोटे चोळले, पदराला हात न लावता. पाणी माझ्या साडीवर उडालं, मी झटकलं, निघून गेलं. पुसले पाय. कुंकू लावलं. मग हात न टेकता उठले. कमरेला काही आवाज झाला नाही. मी तो आवाज ऐकायलाच कान लावून होते.

सासूबाईंनी हात पुढे करून माझ्या निऱ्या चिमटीत धरल्या, ओढून पाहिल्या. खाली आल्या नाहीत. पट्ट्याशी बोट फिरवलं.

"उन्हाळ्यात उकडंल," त्या म्हणाल्या.

"आत सुती अस्तर आहे."

"हं." मग बयाबाईंकडे वळून, "कळत नाय गं शिवलेली. बरं झालं." आणि मला, "घंगाळ रवीला उचलाय सांग. तुझं टाके हायेत."

एवढंच. मान माझा झाला होता.

संध्याकाळी मी सृष्टीचे कपडे वाळत घालत होते तेव्हा कुंदन मागून आली. दोरीवरून तिने एक लंगोट घेतला, घडी घालायला लागली.

"ताई," ती म्हणाली. "तुम्हाला लय हवं होतं ना ते."

आवाजात राग नव्हता. पण होतं काहीतरी. आईंनी तिचं नाव घेतलं होतं, चार बायकांत, आणि मी ते ओढून घेतलं होतं. तिला तसंच दिसलं असणार.

मला सांगता आलं असतं. मी वत्सलाबाईंकडची चिठ्ठी वाचली, सात इंच वाढीव वाचलं. पण ते सांगितलं असतं तर माझं बोलणं एकदम चांगलं ठरलं असतं, आणि ते तितकं चांगलं नव्हतं. ओसरीवर मी बोलले तेव्हा तिच्या पोटासाठी किती बोलले आणि माझ्या पाटासाठी किती, हे मलाच मोजता येत नव्हतं. आणि तिचं गुपित तिचं होतं.

"हो," मी म्हणाले. "हवं होतं."

तिने घडी घातलेला लंगोट माझ्या हातात दिला. "मग चांगलं केलंत."

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळं नीट झालं. पिंपळगावच्या विहिणीचे पाय मी धुतले, साडी जागची हलली नाही, फोटोग्राफरने तीन फोटो घेतले. उठताना मी समोर पाहिलं. कुंदन खांबाला टेकून उभी होती, सृष्टीला उजव्या कडेवर घेऊन. तिच्या अंगावर ती दुसरी मोरपिशी साडी होती. पट्ट्यात रबर, नाडी नाही. कुणालाच काही कळलं नव्हतं. बायका तिच्याकडेच बघत होत्या, ते मी ओळखलं होतंच.

मी हात पुसले आणि सृष्टीला घ्यायला गेले. तिने माझ्याकडे पाहिलं, कुंदनचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं, आणि तोंड फिरवलं.

"दे," मी म्हणाले. "जड आहे ती. उगाच कडेवर नको घेत जाऊ आता."

कुंदनने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग तिने सृष्टीची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि पोरगी माझ्याकडे दिली, रडतीच.